गोळाफेक शिकवायची: रांगेत की वर्तुळात?

तीस मुलं, एक सर, चाळीस मिनिटांचा तास आणि सहा गोळे. नागपुरातल्या बहुतेक शाळांत गणित साधारण हेच असतं. अशा वेळी मुलांना एकेक करून वर्तुळात बोलवायचं की सहा-सहांच्या रांगेत उभं करायचं?

वर्तुळात एकाच वेळी एकच गोळा हवेत असतो, त्यामुळे नजर ठेवणं सोपं जातं. पण फेक, गोळा आणणं आणि पुढच्याची तयारी यात पाऊण मिनिट जातं. अर्ध्या तासात चाळीस फेकी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक. बाकीचे एकोणतीस रिकामे, आणि रिकामी पोरं हळूहळू पुढे सरकतात. रांगेत सहा जणांची एक फेरी दीड मिनिटात होते. त्याच वेळात प्रत्येकाला चार फेकी मिळतात.

म्हणून सुरुवात मी रांगेतच करतो. आधी एक किलोचा मेडिसिन बॉल छातीपासून ढकलायचा, मग समोर तोंड करून जागेवरून हलका गोळा, मग आडवं उभं राहून. गोळ्याला खडूची भुकटी लावा. फेकीनंतर मानेवर पांढरा डाग हवा, तळहाताचा मध्य कोरा. डाग मानेवर नसेल तर पोरगा क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकतोय, आणि त्यात कोपर दुखावतं. त्याला मेडिसिन बॉलवर परत पाठवा.

रांगेची खरी जोखीम फेकताना नसते, गोळा आणताना असते. दोघांत तीन मीटर अंतर, डावखुरा टोकाला, वाट पाहणारे दोरीमागे पाच मीटरवर. 'तयार', 'फेका', आणि सहाही गोळे थांबल्यावरच 'आणा'. गोळा हातात धरून चालत आणायचा. परत फेकायचा किंवा घरंगळवायचा नाही.

आज्ञांबाबत दोन गोष्टी. शिट्टी वापरू नका. शेजारच्या खो-खोच्या शिट्टीवरही आपली मुलं हलतात. आणि 'फेकू नका' कधीच म्हणू नका. घाईत पोराला फक्त 'फेक' ऐकू येतं. माझ्या तासाला एकदा क्रिकेटचा चेंडू पुढ्यात आला, त्यामागे एक मुलगा धावला, मी ओरडलो 'फेकू नका', आणि तिसऱ्या नंबरच्या मुलीचा गोळा सुटला. चार हात लांब पडला, एवढंच नशीब. तेव्हापासून फक्त 'थांबा'. ऐकताच गोळा पायांपासून लांब, जमिनीवर ठेवायचा.

रांगेला वीस-पंचवीस मीटर रुंद मोकळी जागा लागते. मैदान वाटून घ्यावं लागत असेल आणि दोरीपाशी उभं राहायला दुसरं माणूस नसेल, तर वर्तुळ बरं. मग वाट पाहणाऱ्यांना मागे मेडिसिन बॉल द्या. ग्लाइड, म्हणजे पाठ फेकीच्या दिशेला ठेवून सरकत येऊन फेकणं, शिकवायला घेतलं की मात्र सगळ्यांनाच वर्तुळात आणा, कारण पाय सरकला की गोळा कुठेही जाऊ शकतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत गोळा रुततो, तळ चिकट होतो. प्रत्येक फेकीआधी कोरड्या फडक्याने पुसायचा. उन्हाळ्यात तीच जमीन दगडासारखी होते आणि गोळा उसळून पुढे घरंगळतो, तेव्हा समोरची मोकळी जागा पाचेक मीटरने वाढवा.