नव्या पार्टीला उधारी: एकपानी अर्ज की पूर्ण फाइल?

इलेक्ट्रिकल वायर-स्विचगिअरच्या होलसेल धंद्यात नवी पार्टी येते आणि दुसऱ्याच ऑर्डरला "पाच लाखांची लिमिट द्या, पैसे ४५ दिवसांत" असं म्हणते. अशा वेळी अर्ज कोणता भरून घ्यायचा?

एकपानी अर्जात जीएसटी नंबर, दुकानाचा पत्ता, मालकाचा फोन, महिन्याला किती माल लागेल एवढंच येतं. पार्टी समोर बसल्या बसल्या भरून होतो आणि सेल्समन खूश राहतो. पण त्यातला जीएसटी नंबर नीट वाचला, तर बरंच कळतं. त्यातलं सहावं अक्षर म्हणजे पॅनचं चौथं. P असेल तर धंदा एका व्यक्तीचा, F असेल तर भागीदारीचा किंवा एलएलपीचा, C असेल तर कंपनीचा. जीएसटी पोर्टलवर हाच नंबर टाकला की नोंदणी कधीची आहे, चालू आहे की रद्द, आणि GSTR-3B वेळेवर भरलं जातं का, हे फुकटात दिसतं. सहा महिन्यांत तीनदा उशीर झाला असेल, तर त्या पार्टीकडे रोकड बेताची असावी असं मी धरतो.

पूर्ण फाइलमध्ये यावर दोन वर्षांचे ताळेबंद, बँक स्टेटमेंट, दोन-तीन जुन्या पुरवठादारांची नावं आणि सुरक्षा चेक येतो. आठवडा सहज जातो, आणि चांगल्या पार्ट्या कधीकधी याच कटकटीला कंटाळून दुसरीकडे वळतात. यातला सर्वात कामाचा भाग म्हणजे पुरवठादाराला केलेला फोन. "पार्टी कशी आहे?" असं विचारलं की सगळे "चांगली आहे" म्हणतात. त्याऐवजी विचारा: जास्तीत जास्त बाकी किती होती, आणि शेवटचं बिल किती दिवसांनी चुकतं झालं?

सहावं अक्षर C असेल तर मात्र माझ्या मते फाइलच हवी. प्रायव्हेट लिमिटेडचं देणं कंपनीचं असतं. संचालकाची वैयक्तिक हमी लिहून घेतली नसेल, तर सहसा त्याच्या मालमत्तेला हात लावता येत नाही.

आता वरच्या पार्टीचा हिशोब. महिन्याची खरेदी दोन लाख, मुदत ४५ दिवस, म्हणजे दीड महिन्याचा माल: तीन लाख. मग पाच लाख कशाला? उरलेल्या दोन लाखांत एक तर मुदत ओलांडली जाईल, नाहीतर दुसरीकडची बाकी आपल्या मालावर फिटेल. मी एकपानी अर्जावर एक लाख देईन, तीन बिलं वेळेवर फिटली की फाइल मागेन आणि मग तीन लाखांवर जाईन.

दोन्ही पद्धतींत सेल्समनने फक्त अर्ज आणायचा, तपासणी अकाउंटंटने करायची आणि सही मालकाने. सही झाल्यावरच टॅलीत पार्टीच्या लेजरला मर्यादा टाकायची. आमच्याकडे एकदा माल आधी गेला आणि अर्ज नंतर आला. त्या अर्जावर पत्ता होता तो बंद गाळ्याचा.