क्रिएटिनिन वाढलं म्हणून घाबरवलं आणि 'किडनी किट' गळ्यात मारलं : 25,300 रुपये गेले

ज्यांच्या घरात साठीच्या पुढची आई, मावशी, सासूबाई आहे त्यांनी हे नीट वाचा. हॉलमध्ये मोफत तपासणी शिबिर, वजन, शुगर आणि किडनीचं काम बघायची क्रिएटिनिनची रक्ततपासणी फुकट, आणि बाहेर पडायच्या दारापाशी टेबलावर डबे मांडलेले, हा प्रकार आपल्या कोल्हापुरात कुणाला नवीन नाही. आमचे त्यात 25,300 गेले. क्रिएटिन नावाच्या स्नायूंच्या पावडरीचे 13,800 आणि किडनीच्या किटचे 11,500. पावडरीचा राग आहेच, पण ते दुसरे पैसे ज्या पद्धतीने काढून घेतले ना, ते आठवलं की अजून डोकं तापतं.

आई 63 वर्षांची, बीपीची गोळी चालू. जोतिबाच्या पायऱ्या चढताना हल्ली मांड्या भरून येतात, आणि नावं पटकन आठवत नाहीत. शिबिरातल्या माणसाने नेमकं तेच पकडलं. "काकू, स्नायू आणि मेंदू दोन्हीला एकच इंधन लागतं, हे खास महिलांसाठी बनवलंय." तीन डबे, प्रत्येकी 4,600. एका डब्यात 30 पुड्या, पुडीवर लिहिलेलं क्रिएटिन मोनोहायड्रेट 5 ग्रॅम. म्हणजे एका डब्यात 150 ग्रॅम. नंतर आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने हेच मोनोहायड्रेट 250 ग्रॅमचा डबा 850 ला दाखवला. बायकांसाठी वेगळं क्रिएटिन नसतं हो, गुलाबी डब्यात घातलं म्हणून रेणू बदलत नाही.

आणि कुणी मला म्हणू नका की एवढं कसं कळलं नाही. मी आधी वाचलं होतं. क्रिएटिन ही भोंदू चीज नाहीच, तिथेच तर माणूस फसतो. वयस्कर लोकांनी आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम केला आणि सोबत रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर ताकद थोडी जास्त वाढते, हे अभ्यासात दिसलंय. युरोपच्या नियमात 55 च्या वरच्यांसाठी हा दावा छापायची परवानगीसुद्धा आहे, पण त्यात व्यायामाची अट आहे. आमच्या आईला व्यायामाचं एका शब्दाने सांगितलं नाही, नुसतं दुधात घालून प्या. मेंदूचं तर अजून कच्चंच आहे, छोटे छोटे अभ्यास, काहीत थोडा फायदा, काहीत काहीच नाही, आणि मेंदूचं काम सुधारतं हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2024 मध्ये पुराव्याअभावी नाकारला. म्हणजे अर्धं खरं सांगून पूर्ण पैसे घेतले.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या शिबिरात आईचं क्रिएटिनिन 0.8 होतं आणि किडनी किती गाळते तो आकडा, ईजीएफआर, 83. तीनेक आठवड्यांनी त्यांचाच फोन, फेरतपासणी फुकट आहे, या. सोमवारी सकाळी गेलो. रिपोर्ट आला 1.1 आणि ईजीएफआर 56. लाल पेनाने गोल केलेला. त्याने आवाज खाली घेतला आणि म्हणाला, "काकू, वेळेत आलात, हे स्टेज 3 आहे, शरीरातलं विष किडनीवर येतंय." आई पांढरी पडली. लगेच किट पुढे, कॅप्सूल आणि थेंब, 11,500. मी विचारलं की मग पावडर बंद करू का? तर म्हणाला, "नाही नाही, पावडर चालू ठेवा, किट सोबत घ्या."

इथे, नेमकं इथे मी उठायला पाहिजे होतं. जो माणूस तुमची किडनी धोक्यात आहे म्हणतो तो सगळ्यात आधी जे नवीन सुरू केलंय ते थांबवायला सांगेल की नाही? आणि आई कुठली गोळी घेते, काल काय खाल्लं, एक प्रश्न नाही. पण समोर आई घाबरून बसलेली, मागे रांग, हातात लाल गोल केलेला कागद, त्या वेळी कोण हिशेब करत बसतं? कार्ड काढून दिलं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं.

दोन दिवसांनी आमच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न, क्रिएटिन घेतायत का? त्यांनी समजावलं ते असं. शरीरातल्या क्रिएटिनपैकी रोज साधारण एक-दोन टक्के आपोआप क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. वरून क्रिएटिन घेतलं की साठा वाढतो, मग क्रिएटिनिनही थोडं जास्त तयार होतं, रक्तात आकडा वर जातो, किडनी मात्र होती तशीच असते. ईजीएफआर मोजून काढत नाहीत, तो त्याच क्रिएटिनिनवरून वय आणि स्त्री-पुरुष बघून गणिताने निघतो, म्हणून एक वर गेलं की दुसरा पडणारच. त्यात आदल्या दिवशी रविवार, घरात मटण, तांबडा-पांढरा झालेला. शिजवलेल्या मटणात तयार क्रिएटिनिन असतं, त्यानेही काही तास आकडा वर जातो. ही मंडळी फेरतपासणी सोमवारी सकाळी का ठेवतात ते आता मला कळतंय.

शिवाय एका रिपोर्टवर किडनीच्या आजाराची स्टेज 3 ठरतच नाही, बिघाड तीन महिने टिकलेला दिसावा लागतो.

डॉक्टरांनी पावडर आणि किट दोन्ही बंद करायला लावलं आणि काही दिवसांनी, आदल्या दिवशी मटण-मासे न खाता, परत रक्त द्यायला सांगितलं. सोबत सिस्टॅटिन सी म्हणून टेस्ट, ती क्रिएटिनवर अवलंबून नसते, आणि लघवीतलं अल्ब्युमिन. खर्च 1,400, हे 25,300 मध्ये धरलेलंच नाही. क्रिएटिनिन परत 0.8, बाकी दोन्ही नॉर्मल. आईच्या किडनीला काहीही झालेलं नव्हतं. त्या दोन रात्री ती झोपली नव्हती त्याची भरपाई कोण देणार?

याचा अर्थ कुणीही उठून पावडर खावी असा नाही. सुरक्षित आहे असं जे म्हणतात ते बहुतेक निरोगी लोकांवर बघून. किडनीचा आजार आधीपासून असेल, एकच किडनी असेल, रोज पेनकिलर पोटात जात असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि कुठल्याही रक्ततपासणीला जाताना क्रिएटिन चालू आहे हे लॅबमध्ये आणि डॉक्टरला सांगा, नाहीतर चांगला डॉक्टरही दचकेल.

तक्रारीचं काय झालं ते ऐका. पोलिस चौकीत साहेब म्हणाले, ताई तुम्ही राजीखुशीने घेतलंय, बिल आहे, आम्ही काय करू. मी म्हटलं खोटा आजार सांगून विकलंय, तर म्हणे रिपोर्टमधला आकडा खोटा आहे का? आकडा खरा आहे हो, अर्थ खोटा सांगितला! दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात सांगितलं सीलबंद डबा आणा. सील फोडल्याशिवाय औषध खाणार कसं माणूस? तिथून तिसऱ्या टेबलावर, तिथले साहेब ट्रेनिंगला. एकाने तर डब्यावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर दाखवला, लायसन आहे की म्हणे. अहो ते अन्नपदार्थ विकायचं लायसन आहे, किडनी बरी करतो म्हणायचं नाही! हे मी त्यांना समजावून सांगायचं? पगार कोण घेतंय?

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. दोन्ही रिपोर्ट, दोन्ही बिलं, किटवरच्या छापील दाव्यांचे फोटो जोडलेत. कुणाकडे त्यांचा फेरतपासणीचा कागद असेल, लाल गोलवाला, तर टाकू नका, मला कळवा, चार-पाच जण एकत्र आलो तर केस वजनदार होईल. आणि किट अजून फोडलं नसेल तर तसंच सीलबंद ठेवा, त्या ऑफिसला तेच हवंय.