तीस हजारांचा चेक: दोन रेघा की अकाउंट पेयी, मराठी की इंग्रजी, आजची तारीख की पुढची?

पुतण्याने सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे चार माग भाड्याने घेतले आणि डिसेंबरात पहिला चेक फाडायची वेळ आली. सुताच्या व्यापाऱ्याला तीस हजार द्यायचे होते. चेकबुक घेऊन तो माझ्याकडे आला, कारण एका कारखान्याचे हिशेब सांभाळताना आयुष्यभर मी हेच केलंय. "काका, दोन रेघा मारल्या की झालं की ओ," म्हणाला. मी म्हटलं, बस.

रकमेचा मुद्दा आधी. चेक पन्नास हजारांचा किंवा त्याहून मोठा असेल तर 'पॉझिटिव्ह पे'ची सोय मिळते: चेक नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपण बँकेला आधीच कळवायची, मग बँक चेक त्याच्याशी ताडून बघते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ही पद्धत आणली. पण तीस हजारांच्या चेकला हे कुलूप नाही. इथे राखण करतं ते फक्त आपलं अक्षर.

आता रेघांचं. काहीच रेघ न मारलेल्या आणि 'ऑर बेअरर' न खोडलेल्या चेकवर तो हातात असलेला माणूस खिडकीवर रोख पैसे घेऊन जाऊ शकतो. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की रोखीचा रस्ता बंद होतो, पैसे कोणाच्या तरी खात्यातच जातात. त्यासाठी रेघांमध्ये काही लिहिण्याचीही गरज नाही, नुसत्या रेघा कायद्याने पुरतात. गोम त्या 'कोणाच्या तरी' मध्ये आहे. 'बेअरर' तसंच राहिलं असेल तर वाटेत चेक उचलणारा तो स्वतःच्या खात्यातही भरू शकतो. रेघांमध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलं की बँकेने तो चेक ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच खात्यात जमा करायचा असतो.

मग सगळेच चेक अकाउंट पेयी करावेत का? व्यापाऱ्याला देताना हो, डोळे झाकून. स्वतःसाठी रोख काढायची असेल तर अर्थातच रेघ मारायची नाही. मधली एक अडचण मात्र सोलापुरात हमखास येते. ज्याला पैसे द्यायचे त्याचं खातं बँकेत नसतं, पतसंस्थेत असतं. अशा वेळी लोक घाबरून नुसत्या रेघांवर भागवतात. त्याची गरज नाही. घेणारा त्या पतसंस्थेचा सभासद असेल, तर पन्नास हजारांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या बँकखात्यातून वसूल करून द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली आहे. पतसंस्थेत आधी विचारून घ्यावं, एवढंच.

पुतण्याचा खरा प्रश्न वेगळाच निघाला. रक्कम मराठीत लिहू की इंग्रजीत? मराठीत लिहिलेला चेक बँक परत करू शकत नाही, त्यामुळे मान्यतेचा प्रश्नच नाही. फरक आहे तो फेरफार कुठून होतो यात, आणि याचा विचार फार कमी लोक करतात.

इंग्रजी अंक वाढतात ते मागच्या बाजूने. एटच्या शेपटीला एक वाय लावला की एटी झालं, सिक्सला टी-वाय लावलं की सिक्स्टी. थर्टी आणि थाउजंड यांच्यात बोटभर जागा सोडली असेल तर मध्ये एट घुसतो. मराठीत उलटं. आपण आधी एकक बोलतो, मग दशक, त्यामुळे मराठी अंक पुढच्या बाजूने वाढतो. 'तीस'च्या आधी 'अड' लिहिलं की अडतीस. 'वीस'च्या आधी 'अठ्ठा', 'चाळीस'च्या आधी 'अठ्ठे'. शिरोरेघ डावीकडे ओढली की जोडही दिसत नाही. आणि चौकटीत इंग्रजी आकडे असतील तर तिथल्या पहिल्या शून्याला कंबर काढून आठ करायला क्षण लागतो. ३०,००० चे ३८,००० झाले, अक्षरी आणि आकडी दोन्ही जुळले, काउंटरवरचा माणूस काय शंका घेणार? देवनागरी शून्याचा देवनागरी आठ असा सहज होत नाही, म्हणून मराठी अक्षरं आणि इंग्रजी आकडे ही जोडी मला सगळ्यात कच्ची वाटते, आणि आपल्याकडे सर्रास तीच वापरली जाते. देवनागरी आकड्यांतही एक सांभाळा: १ ला शेपूट-गोल फिरवून ९ करणं सोपं आहे.

हा धोका वीस, तीस, चाळीस आणि ऐंशीपुरताच. पन्नास, साठ, सत्तर, नव्वदच्या पुढे 'अठ्ठावन्न', 'अडुसष्ट' अशी रूपंच बदलतात, नुसतं पुढे जोडून भागत नाही. पण पुढे 'एक लाख' लिहायला जागा राहिली तर कोणतीच भाषा वाचवत नाही.

म्हणून मी मराठीच निवडतो, पण दार पुढून लावून. छापील 'रुपये' शब्दाला चिकटून 'फक्त तीस हजार मात्र' असं लिहितो. पुढचा 'फक्त' आडवा आला की 'अड' किंवा 'एक लाख' शिरायला जागा नाही, मागचा 'मात्र' 'नऊशे'सारख्या शेपटीला अडवतो. उरलेल्या जागेत आडवी रेघ, खालच्या रिकाम्या ओळीतही. आकडे चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवून, शेवटी तिरकी रेघ आणि डॅश. एकाच अर्थाचे दोन शब्द आल्याबद्दल मराठीचे मास्तर रागावतील, रागावू देत.

आकडे आणि अक्षरं जुळली नाहीत तर? परक्राम्य दस्तऐवज कायदा, १८८१ म्हणतो की अक्षरी रक्कम खरी. व्यवहारात मात्र बँक असा चेक बहुतेक वेळा परतच करते. उलट फेरफार झालाय हे चेककडे बघून कळतच नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर तोच कायदा बँकेला संरक्षण देतो. मग भांडायचं कोणाशी?

खाडाखोड झाली तर चेक रद्द करून दुसरा फाडायचा, बाजूला सही करून भागत नाही. चेकची प्रतिमा पाठवून क्लिअरिंग होतं तिथे नाव किंवा रक्कम दुरुस्त केलेला चेक चालत नाही, सूट आहे ती फक्त मुदत वाढवण्यासाठी बदललेल्या तारखेला. मी स्वतः एकदा नावात एक मात्रा गिरवली आणि सहीसकट चेक परत आला.

तारखेवर पुतण्या अडला. व्यापारी म्हणाला होता, "जानेवारीतली गड्ड्याची जत्रा होऊ द्या, मग टाकतो, तारीख सोडून द्या." तारीख सोडायची नाही. कोरी जागा म्हणजे त्याला वाटेल त्या दिवशी चेक टाकायची मुभा. आजची तारीख घातली तर तो उद्याच भरेल, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअर होतात, सकाळी भरलेला त्याच दिवशी वटू शकतो. दोन दिवसांनी पैसे खात्यात टाकू, हा जुना हिशेब आता चालत नाही. तिसरा मार्ग म्हणजे पुढची तारीख. त्या तारखेआधी बँक पैसे देत नाही, आणि तीन महिन्यांची मुदतही त्याच तारखेपासून मोजतात. १ एप्रिल २०१२ च्या आधी ती सहा महिने होती. अजूनही जुने लोक सहा महिनेच धरून बसतात आणि शिळा चेक घेऊन बँकेत जातात.

जानेवारीची तारीख घालताना महिन्याच्या चौकटीतल्या ०१ मधला इंग्रजी एक सरळ उभा काढायचा, पण खाली पाया आणि वर शेंडी देऊन. नुसत्या काडीला वर आडवी रेघ मारली की ०७ होतो, आणि एप्रिलात मेलेला चेक जुलैत जिवंत होतो.

पुतण्याने २० जानेवारी घातली, अकाउंट पेयी केलं, 'बेअरर' खोडलं, आणि 'फक्त'च्या आधी पुन्हा 'रुपये' लिहायला निघाला. छापलंय ते, म्हटलं. पेन व्यापाऱ्याचं होतं, ते ठेवून माझं दिलं.