थेट 2400 डीपीआय की 4800 वरून निम्मे? जुन्या निगेटिव्हसाठी निवड

ठाण्यातल्या आमच्या घरी पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या सुमारे 300 निगेटिव्ह फ्रेम आहेत. त्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर उतरवताना दोन मार्ग समोर होते: थेट 2400 डीपीआयवर स्कॅन करायचे, किंवा 4800 वर करून चित्र लांबी-रुंदीत निम्मे करायचे. दोन्हींतून अखेर मिळणारे चित्र सारख्याच आकाराचे, म्हणजे सुमारे 3400 बाय 2270 पिक्सेलचे असते. त्यामुळे प्रश्न आकाराचा नसून त्या पिक्सेलांच्या गुणवत्तेचा आहे.

तुलनेसाठी मी तलावपाळीची एक फ्रेम निवडली, कारण तिच्यात वर मोकळे आकाश आणि खाली तलावाच्या कठड्याच्या बारीक उभ्या सळ्या आहेत. निगेटिव्हमध्ये आकाश हाच सर्वांत काळा, दाट भाग असतो. तिथून सेन्सरपर्यंत प्रकाश सर्वांत कमी पोहोचतो आणि म्हणून स्कॅनरचा नॉइजही तिथेच अधिक दिसतो. (स्लाइडच्या बाबतीत हेच उलटे होते आणि नॉइज सावल्यांत साचतो.)

चित्र निम्मे करताना चार पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलमध्ये येते. चारही पिक्सेलांतील नॉइज एकमेकांशी असंबद्ध असेल, तर तो चाराच्या वर्गमुळाने भागला जाऊन निम्मा व्हायला हवा. आकाशाच्या एकाच तुकड्यावर हिस्टोग्राममधील प्रमाण विचलन पाहिले, तेव्हा थेट 2400 च्या स्कॅनमध्ये ते 6.0 होते, 4800 च्या स्कॅनमध्ये 6.4 आणि तेच निम्मे केल्यावर 4.3. अपेक्षित 3.2 हाती लागले नाही, याचे कारण असे की या विचलनात फिल्मचा दाणाही मिसळलेला असतो, आणि दाण्याचे ठिपके अनेक पिक्सेलांवर पसरलेले असल्याने शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. दोष दाण्याचा किती आणि स्कॅनरचा किती, हे पाहायचे असल्यास फिल्म न हलवता तीच फ्रेम दोनदा स्कॅन करावी आणि एक चित्र दुसऱ्यातून वजा करावे. दाणा दोन्हींत सारखा असल्यामुळे तो नाहीसा होतो आणि उरतो तो केवळ स्कॅनरचा नॉइज.

स्पष्टतेबाबत मात्र अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. फ्लॅटबेडच्या खोक्यावर 6400 छापलेले असले, तरी त्याचे भिंग आणि यंत्रणा मिळून फिल्मवरचा खरा तपशील बहुधा 1500 ते 2300 डीपीआयच्या आसपासच वेचतात. म्हणूनच 4800 चे चित्र पूर्ण आकारात पाहिले तर मऊ, धूसर दिसते, आणि निम्मे केल्यावर ती धूसरता एका पिक्सेलच्या आत सामावून कडा रेखीव वाटू लागतात. नवा तपशील त्यात काहीच आलेला नसतो. तरीही कठड्याच्या सळ्यांवर फरक स्पष्ट होता: थेट स्कॅनमध्ये त्या पायऱ्यांसारख्या तुटक आल्या, कारण कमी डीपीआयवर माझा स्कॅनर मधली नमुनास्थाने बहुधा वगळतो, निम्म्या केलेल्या चित्रात त्या सलग राहिल्या.

हा लाभ निम्मे करण्याच्या पद्धतीवर सर्वस्वी अवलंबून आहे. सर्वांत जवळचा पिक्सेल उचलणारी पद्धत निवडल्यास चारांपैकी तीन पिक्सेल फेकले जातात आणि नॉइज होता तेवढाच राहतो. मी इमेजमॅजिक या प्रोग्रॅममधील साधी सरासरी घेणारी पद्धत वापरतो:

```
magick scan4800.tif -filter Box -resize 50% scan2400.tif
```

लँक्झोस पद्धतीने कडा थोड्या अधिक धारदार येतात, परंतु आकाशाला भिडलेल्या कडांभोवती उजळ रेघ उमटते. मला ती खटकते. मधला टप्पा जेपीईजीमध्ये मुळीच साठवू नये, कारण त्या संक्षेपाचे ठोकळे सरासरीतही मिसळतात. धार देण्याचे काम निम्मे केल्यानंतर करावे.

किंमत मुख्यतः वेळेची आहे. माझ्याकडे एका फ्रेमला 2400 वर सुमारे एक मिनिट लागते आणि 4800 वर चार, म्हणजे 300 फ्रेमना पाच तासांऐवजी वीस. सोळा बिटची मोठी फाइल सुमारे 185 एमबीची होते, लहान 46 एमबीची. मात्र निम्मे केल्यावर मोठी फाइल पुसून टाकली, तर डिस्कवरील जागेत फरक पडत नाही.

माझा निर्णय असा: ज्या फ्रेममध्ये आकाश, पांढरे कपडे किंवा उजळ भिंत मोठ्या भागात आहे, किंवा ज्यांची मोठी छपाई करायची आहे, त्या 4800 वर. अशा फ्रेम माझ्या संग्रहात जेमतेम चाळीस निघाल्या. बाकीच्या थेट 2400 वर, आणि ज्या हलल्यामुळे किंवा फोकस चुकल्यामुळे मुळातच धूसर आहेत, त्यांवर वीस तासांतले चार मिनिटही खर्चू नये. निवडीच्या यादीत 9600 दिसत असेल आणि तो आकडा स्कॅनरच्या ऑप्टिकल मर्यादेपलीकडचा असेल, तर वाढीव पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजाऱ्यांवरून रचलेले असतात. त्यांची सरासरी घेऊन नॉइज कमी होत नाही.