फीचा हप्ता म्हणून वडिलांच्या नावावर कर्ज : इंदूरमधील एका कोचिंगचा अनुभव

माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असून यंदा गेटची परीक्षा पहिल्यांदाच देणार आहे. तो एनपीटीईएलवरील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट पाहून घरीच अभ्यास करत होता आणि ते ठीक चालले होते. मग त्याने जुना पेपर तीन तासांचे घड्याळ लावून सोडवला आणि त्याला शंभरपैकी एकतीस गुण पडले. तो घाबरला, मी त्याच्याहून अधिक घाबरलो आणि आम्ही भंवरकुआं भागातील एका कोचिंगच्या कार्यालयात गेलो. त्या संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. या प्रकाराच्या संस्था तेथे एक सोडून दुसरी सापडतात.

तेथील समुपदेशक मुलीने तो एकतीसचा आकडा ऐकून पहिल्या प्रयत्नात स्वतः अभ्यास करणारे वर्ष वाया घालवतात, असे ठामपणे सांगितले. वास्तविक तो पेपर कोणी नीट पाहिला असता, तर वेगळेच दिसले असते. गेटमध्ये सामान्य अभिक्षमतेला पंधरा गुण असतात आणि मेकॅनिकलच्या पेपरात गणिताला साधारण तेरा. मुलाने या दोन्ही भागांना हातच लावला नव्हता. बहुपर्यायी प्रश्नांत अंदाजाने खुणा केल्यामुळे ऋण गुणांत आणखी काही गेले, आणि ज्या संख्यात्मक प्रश्नांना ऋण गुण नसतात, ते त्याने कोरे सोडले होते. म्हणजे थर्मोडायनॅमिक्स कच्चे नव्हते, पेपर सोडवण्याची सवय नव्हती. ती सवय जुन्या प्रश्नपत्रिका आणि अधिकृत उत्तरतालिका यांवर लागते, आणि त्या दोन्ही फुकट मिळतात. आधी पेपर सोडवा, गुण कोठे गेले ते विषयवार लिहून काढा आणि मगच पैशांचा विचार करा.

फी ८४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १५,१२० रुपये, एकूण ९९,१२० रुपये. त्यांपैकी ९,१२० रुपये त्याच दिवशी आणि उरलेले ९०,००० रुपये ७,५०० च्या बारा बिनव्याजी हप्त्यांत द्यायचे ठरले. माझे पॅन आणि आधार मागितले, कारण मुलाला उत्पन्न नाही. मग माझ्या फोनवर ओटीपी आला. त्या संदेशात कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचे नाव होते आणि ‘लोन’ हा शब्दही होता! मी विचारले, तर उत्तर मिळाले, ‘‘सर, ये लोन नहीं है, फीस की किस्त है, सिस्टम में ऐसा ही लिखा आता है.’’ समोर मुलगा बसलेला, मागे आणखी दोन पालक रांगेत, आणि बोलणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. अशा वेळी कोणता बाप सहा अंक सांगायला नकार देईल? तरीही तो शब्द डोळ्यांसमोर होता, याचा संताप अजून जात नाही.

वित्तसंस्थेने व्याज वजा करून सगळी रक्कम कोचिंगला एकदम दिली. त्यामुळे पुढे वर्ग भरोत न भरोत, त्यांना काही फरक पडणार नव्हता. थेट वर्गांऐवजी जुनी ध्वनिचित्रमुद्रणे मिळाली. गणित आणि अभिक्षमता तर ‘‘स्वतः पाहून घ्या’’ या सदरात होती. चाचणी मालिका पाहून मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, यातले कितीतरी प्रश्न मागच्या पेपरांतलेच आहेत, नुसते आकडे बदललेत.’’ परतावा मागितला, तेव्हा सात दिवसांची मुदत संपल्याचे कळले. ती पैसे भरल्यापासून मोजली जात होती आणि लॉगिन मिळाले ते मुदत उलटल्यावर. लॉगिन हाती येण्याआधी पैसे देऊ नका.

हप्ते थांबवावेत, तर बँक परत गेलेल्या हप्त्याचा दंड घेते आणि पतनोंद माझी बिघडते. पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘‘हा दिवाणी मामला आहे, तुम्हीच ओटीपी दिलात’’ असे सांगून अर्ज घेतलाच नाही. एका सरकारी तक्रार कक्षाने माझी तक्रार त्याच कोचिंगकडे पाठवली, कोचिंगने ‘अटींनुसार’ एवढेच उत्तर दिले आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. निकाल कोणाच्या बाजूने, हे विचारायला फोन केला, तर मला नवीन तक्रार नोंदवण्याचा सल्ला मिळाला! मी काय चोरी केली होती, की प्रत्येक खिडकीवर आधी माझीच उलटतपासणी व्हावी?

कर्ज झालेच असेल, तर त्याचे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ त्याच दिवशी मागा. डिजिटल कर्जातून दंड न भरता बाहेर पडण्याची मुदत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि ती त्या पत्रकात लिहिलेली असते. ती हुकली, तर आधी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मी तेथे अर्ज केला आहे. समुपदेशकाचे प्रत्येक आश्वासन व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फी भरल्याच्या संध्याकाळी, उगाच शंका आली म्हणून, मी त्या मुलीला पुन्हा विचारले होते. तिने पाठवलेला ‘‘लोन नहीं है सर’’ हा चार शब्दांचा संदेश माझ्या अर्जासोबत जोडलेला एकमेव लेखी पुरावा आहे.