आरएमओच्या पहिल्या नोकरीसाठी सीव्ही: तीन पानी की एकपानी?

इंटर्नशिप संपत आली की ठाणे-नवी मुंबईतले बरेच नवे एमबीबीएस खासगी हॉस्पिटलात आरएमओची नाहीतर कॅज्युअल्टीची ड्युटी शोधायला लागतात. पीजीचा अभ्यास चालू ठेवता येतो आणि हातही बसतो. त्यासाठीचे सीव्ही मला दोन प्रकारचे दिसतात आणि दोन्ही मी स्वतः वापरले आहेत. एक म्हणजे ऑनलाइन टेम्प्लेटवर केलेला तीन पानी: फोटो, दहावी-बारावीचे टक्के, परिषदा, पोस्टर, सर्टिफिकेटांची यादी. दुसरा साधा, एकपानी, केलेल्या कामावर बेतलेला.

तीन पानी अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. मेडिकल कॉलेजात ज्युनिअर रेसिडेंटची जागा हवी असेल, नावावर एखादा पेपर असेल, तर ती पानं वाचली जातात. पालिकेच्या थेट मुलाखतीला त्यांचा अर्ज आणि मूळ कागदपत्रंच पाहतात, तिथे दोन्हींनी फारसा फरक पडत नाही.

माझा कौल फिरला तो त्या टेम्प्लेटमधल्या टिंबांमुळे. प्रत्येक कौशल्यापुढे पाच गोल असतात, येईल तितके भरायचे. मी इंट्युबेशनपुढे चार भरले होते. वाशीकडच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सुपरिंटेंडेंट मॅडमनी तिथेच बोट ठेवलं. "चार म्हणजे किती केलीस? कुठे? शेजारी कोण होतं?" खरं उत्तर असं होतं की भूलशास्त्राच्या दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये पाच वेळा ट्यूब टाकली होती, सगळ्या ओटीत, उपाशी ठेवलेल्या पेशंटमध्ये, भूलतज्ज्ञ शेजारी उभे असताना. कॅज्युअल्टीत पेशंट भरल्या पोटी येतो, तोंडात रक्त किंवा उलटी असते, मानेला कॉलर असू शकते. मॅडमना जाणून घ्यायचं होतं की रात्री दोनला मी एकटा असताना ट्यूब टाकायला जाईन की आधी बॅग-मास्क नीट धरून ऑन-कॉल भूलतज्ज्ञांना बोलावीन. टिंबांतून ते कळत नव्हतं. उलट मी नको तिथे धाडस करीन, अशी शंका येत होती.

त्यानंतर मी पान नव्याने केलं. कौशल्यांचे तीन गट पाडले. एकट्याने करतो: आयव्ही लाइन, रायल्स ट्यूब, कॅथेटर, साध्या जखमेचे टाके, एबीजीचं सॅम्पल, ईसीजी काढून पहिलं वाचन. वरिष्ठ शेजारी असताना केलंय: इंट्युबेशन पाच, सर्व ओटीत, नॉर्मल डिलिव्हरी अकरा. फक्त पाहिलंय: आयसीडी, सेंट्रल लाइन. एमएलसीची नोंद आणि पोलिसांना कळवण्याचे कागद कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगमध्ये वरिष्ठांच्या देखरेखीखाली भरले होते, तेही लिहिलं, कारण खासगी कॅज्युअल्टीत ते काम आरएमओवर येतं. पुढच्या मुलाखतीत प्रश्न विचारले गेले ते या गटांवरच, आणि मला प्रत्येकाचं उत्तर देता आलं. तिसरा गट लिहिल्याने नुकसान होईल अशी मला भीती होती. माझ्या बाबतीत तरी तसं झालं नाही.

एकपानीत नावाखाली लगेच नोंदणीची ओळ येते. नुसतं "एमएमसी रजिस्टर्ड" लिहू नका. प्रोव्हिजनल नोंदणी इंटर्नशिपपुरती असते, तिच्यावर स्वतंत्रपणे ड्युटी घेता येत नाही. परमनंट मिळाली असेल तर क्रमांक आणि वैधता द्या. मिळाली नसेल तर "परमनंटसाठी अर्ज केला" असं तारखेसह सरळ लिहा. तीन पानीत माझी ही माहिती शेवटच्या पानावर होती आणि एचआरचा प्रत्येक फोन याच प्रश्नाने सुरू व्हायचा. त्याच्या खाली रुजू होण्याची तारीख, नाइट चालेल का, आणि नीट-पीजीसाठी कधी सोडणार हे. ते शेवटचं लपवावंसं वाटतं. पण ड्युटी लावणाऱ्याला तुम्ही परीक्षा देणार हे ठाऊकच असतं, त्याला फक्त महिना हवा असतो. बीएलएस-एसीएलएस केलं असेल तर तारीख घाला, ती कार्डं दोन वर्षंच चालतात.

एकपानीची अडचण एकच आहे: आकडे खरे लागतात, आणि ते आठवणीतून लिहिता येत नाहीत. ते लॉगबुकमधून घ्यावे लागतात. कॉलेजात लॉगबुक जमा करण्याआधी प्रोसीजरच्या पानांचे फोटो काढून ठेवा, पेशंटची नावं झाकून. मी ते केलं नव्हतं. नंतर विभागात जाऊन रजिस्टर चाळत बसावं लागलं आणि अकरा डिलिव्हरी मोजायला एक अख्खी दुपार गेली.