आठ महिने एनव्हीडीएवर मराठी साइट ऐकून: नेमकं कुठे अडतं

मला दिसत नाही. फोंड्यात राहतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. तो फुकट मिळतो आणि त्यातल्या ईस्पीक या बोलणाऱ्या भागाला मराठी आवाज आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण चार-पाच दिवसांत कानाला सवय होते. खरा त्रास साइटांचा.

आमच्या गावच्या नाट्यमंडळाची साइट घ्या. नाटकांचं वेळापत्रक उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा खिचडा ऐकू यायचा. साइट बघणारा पोरगा म्हणाला, "काका, मला तर सगळं मराठीतच दिसतंय." त्याला म्हटलं, ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक. टाकल्यावर त्यालाही खिचडाच दिसला. मजकूर शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टात होता, म्हणजे आत साठवलेली अक्षरं इंग्रजी आणि फॉन्ट फक्त त्यांना मराठी आकार देतो. स्क्रीन रीडर आकार बघत नाही, आतली अक्षरं वाचतो.

त्याने आधी नुसता फॉन्ट बदलला, तर स्क्रीनवरच गडबड झाली. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणला, म्हणजे आत साठवलेली अक्षरंच मराठी केली. तरी पहिली वेलांटी आणि रफार काही ठिकाणी भलत्याच अक्षरावर बसले होते, म्हणून एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून बघावी लागली, दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

दुसरी गोष्ट भाषेची. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली होती. एनव्हीडीए त्या खुणेवरून आवाज बदलतो, आणि मराठी न येणारे काही आवाज देवनागरी शब्द चक्क गाळतात, म्हणजे ऐकणाऱ्याला पान रिकामंच वाटतं. हवं ते इतकंच:

```html
<html lang="mr">
```

हिंदीची खूण लावून भागवू नका, हिंदीचे उच्चाराचे नियम वेगळे, मराठी शब्द मोडतात. आपल्याकडे एकाच पानावर कोंकणीही असते, तर तेवढ्या परिच्छेदाला `lang="kok"` द्या.

आता वेळापत्रक ऐकता येतं, पण "सायं. ७ वा." हे "सायं, सात, वा" असं तुटक येतं. "सायंकाळी ७ वाजता" असं पूर्ण लिहिलं की सरळ कळतं. संक्षेप टाळा, खरंच सांगतो, रोज ऐकणाऱ्याला फार फरक पडतो.

साइटवाल्यांनी स्वतः तपासायचं असेल तर एनव्हीडीए घाला आणि त्याच्या टूल्स मेनूतला स्पीच व्ह्यूअर चालू करा, जे बोललं जातं ते खिडकीत लिहून येतं. टॅबने पान फिरा, मग खाली बाण दाबत ओळी ऐका.

एक गोष्ट अजून झाली नाही. जत्रेच्या नाटकाचं पोस्टर फोटोच आहे आणि त्याच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडर जे वाचतो त्यात, फक्त "पोस्टर" लिहिलंय. नाटकाचं नाव, तारीख आणि जागा तिथे लिहायला सांगितलंय, तोवर मला शेजाऱ्याला विचारूनच जावं लागतं.